कंबर सैल झालेले पायजमे आणि स्कर्ट: कोणतं इलॅस्टिक, किती रुंद, आणि नाडी कधी

प्रश्न: दोन सुती पायजमे आणि एक घेरदार स्कर्ट, तिन्हींची कंबर सैल झालीये. एका पायजम्यात इलॅस्टिक नेफ्यात मोकळं आहे, दुसऱ्यात ते कापडालाच चार टिपा मारून शिवलेलं आहे. स्कर्ट जाड कापडाचा आहे, खिशात फोन टाकला की खाली घसरतो. किती रुंदीचं आणि कुठलं इलॅस्टिक आणू? की सरळ नाडीच घालू? माझी कंबर ८४ सेंमी आणि सीट १०४ सेंमी आहे.

उत्तर:

पहिल्या पायजम्याला २५ मिमीचं मऊ, होजिअरी विणीचं इलॅस्टिक घाला. स्कर्टला ३५ ते ४० मिमीचं घट्ट विणलेलं, पट्ट्यासारखं इलॅस्टिक लागेल. दुसऱ्या पायजम्यात जुन्या इलॅस्टिकमध्ये थोडा जरी जीव असेल तर ते उसवत बसू नका, मधल्या फटीतून नाडी ओवा.

मात्र काहीही विकत आणण्याआधी जुनं इलॅस्टिक खरंच मेलंय का ते बघा. नेफ्याची शिवण पाठीमागे ५-६ सेंमी उसवा आणि इलॅस्टिकचा थोडा भाग बाहेर ओढा. त्यावर पेनने १० सेंमीच्या दोन खुणा करा, ताणून १५ पर्यंत न्या, दहा-पंधरा सेकंद तसंच धरा आणि सोडा. खुणा पुन्हा १० वर आल्या तर इलॅस्टिक ठणठणीत आहे. ते मुळातच लांब कापलेलं असेल, जोडाची शिवण सुटली असेल किंवा आत पीळ पडला असेल. अशा वेळी पीळ काढून ४-५ सेंमी कमी केलं की काम झालं. खुणा ११ वर थांबल्या, कडा लाटेसारख्या झाल्या असल्या किंवा ताणताना बारीक चर्रचर्र आवाज आला, तर आतले रबराचे धागे तुटलेले आहेत. वरचं सुती किंवा पॉलिएस्टरचं वेष्टण तेवढं शिल्लक आहे. असं इलॅस्टिक आखूड करून पुन्हा घातलं तर थोड्याच दिवसांत परत सैल पडतं.

आता प्रकार. बाजारात नावं अनेक दिसली तरी कंबरेसाठी तीनच प्रकार लक्षात ठेवायचे, आणि ते हातात धरून ओळखता येतात. पहिलं वेणीसारखं गुंफलेलं: ताणलं की ते अरुंद होतं आणि त्यावर लांबीच्या दिशेने रेघा दिसतात. सुई आरपार गेली की याची ताकद कमी होते, म्हणून ते फक्त नेफ्यात मोकळं ओवायला बरं. रुंद नेफ्यात मात्र तेही नको, कारण ताणल्यावर अरुंद झालेलं इलॅस्टिक आत सहज उलटतं. दुसरं होजिअरी विणीचं: मऊ, ताणलं तरी रुंदी जवळपास तेवढीच, टीप मारली तरी टिकतं, आणि पोटावर दाबत नाही. झोपताना घालायच्या कपड्यांना हेच. तिसरं मागावर विणल्यासारखं जाड, आडव्या-उभ्या रेघा स्पष्ट दिसणारं. हे ताणायला जोर लागतो आणि सोडलं की झटकन मागे येतं. जड कापड तोलून धरायला हे हवं. याच्यातच एक उपप्रकार असतो, ज्यात रुंदीच्या दिशेने नायलॉनच्या कडक तारा विणलेल्या असतात, त्यामुळे बसताना पट्टी गुंडाळत नाही. स्कर्टसाठी तो मिळाला तर उत्तम. पायजम्यात नको, रात्री कुशीवर वळताना टोचतो.

दुकानात इलॅस्टिक निवडताना एक परीक्षा नक्की करा, आणि ती तुमच्या मापांवरूनच ठरते. पायजम्यात तुम्ही साधारण ७६ सेंमीचं वेढं घालणार आहात आणि ते १०४ सेंमीच्या सीटवरून वर चढवायचं आहे. म्हणजे १० सेंमीचा तुकडा किमान १४ सेंमीपर्यंत फारसा जोर न लावता ताणला गेला पाहिजे. जो १३ वरच अडतो तो कितीही मजबूत असला तरी तुमच्या कामाचा नाही. रोज चढवताना तो पूर्ण ताणला जाईल आणि जोडापाशी किंवा टाक्यांपाशी तुटेल. कंबर आणि सीट यात २० सेंमीचा फरक असल्यामुळे ही अट तुम्हाला लागू होते. ज्यांचा फरक ८-१० सेंमीचाच असतो त्यांना ती सहज जमते, पण त्यांची अडचण वेगळी: इलॅस्टिकला टेकायला खोलगट जागाच नसते, म्हणून ते घसरतं. त्यांना जड कपड्यात नाडी जास्त चांगली.

रुंदी ठरवते ती नेफ्याची आतली जागा. मोजपट्टी वरच्या दुमडीपासून खालच्या टिपेपर्यंत लावा आणि टीप जिथे सुरू होते तिथे थांबा. जे माप येईल त्यातून पातळ कापडाला ३ मिमी आणि जाड कापडाला ५ मिमी वजा करा. जेवढं उरेल तेवढ्या रुंदीपर्यंतच इलॅस्टिक घ्या. नेफा आतून २८ मिमीचा असेल तर २५ मिमीचं इलॅस्टिक बरोबर बसतं. त्यात ३० चं कोंबलं तर ते मधोमध वाकून नळीसारखं होतं आणि पोटावर कडा उमटते. उलट २८ च्या नेफ्यात १५ चं घातलं तर दोन-चार धुण्यांत ते आत उलटून दोरीसारखं होतं, आणि नेफा बाहेरून गोळा झालेला दिसतो. तुमच्या पायजम्यात इलॅस्टिक मुळातच अरुंद असलं आणि नेफा रुंद असला, तर नेफ्याच्या वरच्या कडेपासून एक जादा टीप मारा आणि जागा नव्या इलॅस्टिकपुरती करून घ्या. वर राहणारी बारीक झालर दिसायलाही चांगली दिसते.

रुंद म्हणजे नेहमीच चांगलं असं मात्र समजू नका. रुंद पट्टी दाब जास्त जागेवर वाटून देते, म्हणून तीच ओढ अंगाला कमी जाणवते. पण त्याच जातीचं ४० मिमीचं इलॅस्टिक ताणायला २० मिमीपेक्षा दुप्पट जोर लागतो. म्हणून रुंद इलॅस्टिक आखूड कापलं तर श्वास कोंडल्यासारखं होतं. त्याला शरीराच्या मापापेक्षा थोडंच कमी करायचं. शिवाय ज्यांच्या फासळ्या आणि कंबरेचं हाड यांत अंतर कमी असतं, त्यांना ५० मिमीचं इलॅस्टिक खाली बसलं की हमखास दुमडतं. तुम्हाला ४० पुरेसं आहे.

लांबीचा हिशोब असा करा. मोजपट्टी कपडा जिथे बसतो तिथे लावा. पायजमा बऱ्याच जणांच्या बेंबीखाली बसतो, तिथलं माप कंबरेपेक्षा जास्त येऊ शकतं, म्हणून सांगितलेलं ८४ माप तिथलंच आहे ना ते पुन्हा तपासा. ते ८४ असेल तर मऊ इलॅस्टिक १० टक्के कमी, म्हणजे ७६ सेंमी, आणि जोडावर एकावर एक ठेवायला २ सेंमी. एकूण ७८ कापा. स्कर्टचं घट्ट इलॅस्टिक ५-६ टक्केच कमी: ७९ अधिक २, म्हणजे ८१ सेंमी. हे सुरुवातीचे आकडे आहेत. खरा निकाल अंगावर लागतो, म्हणून टाका घालण्याआधी टोकं सेफ्टी पिनने जोडा, कपडा चढवा, खुर्चीत अर्धा तास बसा, खाली वाका. बसल्यावर कंबर काही सेंटिमीटर वाढते, आणि उभं राहून बरोबर वाटलेलं इलॅस्टिक बसल्यावर काचतं. त्वचेवर ओळ लाल होऊन अर्धा तास टिकत असेल तर २ सेंमी वाढवा. स्कर्टची चाचणी खिशात फोन ठेवूनच घ्या, कारण तक्रार त्याचीच आहे.

पायजम्याचं प्रत्यक्ष काम. जुनं इलॅस्टिक नेफ्यात मोकळं आहे म्हटल्यावर ते बाहेर ओढून काढू नका. पाठीमागे उसवलेल्या जागी ते कापा, एका टोकाला नवीन इलॅस्टिक दोन-चार टाक्यांनी सपाट जोडा आणि दुसरं टोक ओढत जा. जुन्याच्या मागे नवीन आपोआप येतं, पीळ पडत नाही. फक्त नव्याचं मोकळं टोक बाहेर कापडाला पिनने अडकवून ठेवा, नाहीतर तेही आत ओढलं जातं. नेफा रिकामा झाला असेल तर मोठी सेफ्टी पिन लावून ओवा, पिनेचं बंद डोकं पुढे राहील असं. बाजूच्या शिवणीपाशी पिन अडली तर जोर लावू नका. तिथे आतल्या शिवणीचा माया, म्हणजे टिपेबाहेर राहिलेलं जादा कापड, उलट दिशेला दुमडलेला असतो आणि पिन त्याच्या खाली शिरते. थोडं मागे येऊन पिन वरच्या दुमडीला घासून सरकवा, किंवा सरळ दुसऱ्या दिशेने ओवायला घ्या.

टोकं जोडताना २ सेंमी एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा आणि मधून झिगझॅग. हाताने करत असाल तर दुहेरी दोऱ्याने चौकोन दोनदा फिरवा. जाड इलॅस्टिकचा असा जोड पाठीला टोचतो, म्हणून स्कर्टमध्ये टोकं एकमेकांना भिडवा, खाली मजबूत कापडाचा ४ सेंमीचा तुकडा ठेवा आणि दोन्ही टोकं त्यावर शिवा. मग कापताना एकावर एक ठेवायचे ते २ सेंमी धरायचे नाहीत, ७९ च कापा. त्यानंतर नेफा दोन्ही हातांनी पूर्ण ताणून सोडा, तीन-चार वेळा, म्हणजे चुण्या सारख्या पसरतात. शेवटी उसवलेला भाग शिवताना कापड ताणून सपाट धरा आणि इलॅस्टिक वरच्या दुमडीकडे ढकला. सुईत इलॅस्टिक सापडलं तर त्या जागी चुण्या अडकून बसतात.

आणखी एक छोटं काम राहतं, जे बहुतेक जण सोडून देतात. बाजूच्या दोन्ही शिवणींवर, नेफ्यातून आरपार, इलॅस्टिकच्या रुंदीएवढी उभी टीप मारा. पाठीमागे मध्यावरही एक. एवढ्याने इलॅस्टिक आयुष्यभर उलटत नाही आणि सगळ्या चुण्या एका बाजूला गोळाही होत नाहीत. गुंफलेल्या वेणीच्या इलॅस्टिकला मात्र ही टीप मारायची नाही, त्याला सुई सोसत नाही.

स्कर्टकडे येऊ. तो घसरतो म्हणून इलॅस्टिक आणखी आवळायचा मोह होतो, पण तो उपाय नव्हे. कापडाच्या वजनाने मऊ इलॅस्टिक लांबतं आणि मग ते कंबरेच्या खोलगट भागातून घसरून सीटच्या उतारावर येतं. तिथे आणखी ताणलं जातं, म्हणून घट्ट वाटतं, पण खालीच सरकत राहतं. गरज असते ती घट्ट विणीच्या पट्टीची, जी वजनाने लांबत नाही. नेफ्याची जागा ४२ मिमी निघाली तर ५ वजा जाता ३७, म्हणून ३५ चं इलॅस्टिक. जागा ४५ असेल तर ४०. जागा त्याहून कमी असेल तर मूळ कापड दुमडून नेफा मोठा करू नका. स्कर्टची उंची कमी होईल आणि कळ्यांचा तोल बिघडेल. त्याऐवजी नेफा उसवून वेगळी पट्टी जोडा: त्याच जाडीचं किंवा थोडं पातळ कापड, इलॅस्टिकच्या दुप्पट रुंदी अधिक २.५ ते ३ सेंमी. एवढ्यात दोन्ही बाजूंचा माया आणि आत इलॅस्टिक हलायला लागणारी मोकळीक दोन्ही बसतं.

स्कर्टचा वरचा घेर मोकळा किती आहे तेही मोजा. समजा तो १३० सेंमी आला, तर ७९ च्या इलॅस्टिकवर तो दीडपटीहून जास्त चुणला जातो. पातळ कापडात चालतं, जाड कापडात चुण्या एकमेकींवर दाटतात, इलॅस्टिक पुरतं आकुंचन पावत नाही आणि कंबर मापापेक्षा सैलच राहते. इलॅस्टिक चांगलं असून स्कर्ट सैल का, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. अशा वेळी पाठीमागे दोन्ही बाजूंना दोन-दोन प्लेट घालून घेर ११० च्या आसपास आणा. त्याहून कमी करू नका, १०४ च्या सीटवरून तो चढायला हवा.

आता नाडीचं. नाडी ताणत नाही, हा तिचा गुण आणि तोच दोष. खिशातल्या वजनाने ती हलत नाही, आणि वजन कमी-जास्त झालं, पोटावर शस्त्रक्रिया झाली किंवा गरोदरपण असलं तर दर दिवशी हवी तेवढी बांधता येते. पण बसल्यावर वाढलेल्या कंबरेला ती जागा देत नाही, आणि बारीक गोल दोरी असेल तर सगळा भार एका रेघेवर येतो. म्हणून नाडी निवडताना १० ते १२ मिमीची चपटी, सुती, तिरप्या विणीची पट्टी घ्या. गुळगुळीत पॉलिएस्टरची दोरी दिसायला छान असते, पण तिची गाठ चालताना सुटते. सुती नाडी आटते, म्हणून ओवण्याआधी कोमट पाण्यात भिजवून वाळवा. लांबी नेफा पूर्ण उघडल्यावरचा घेर अधिक बांधायला ६० सेंमी. नेफा ११० असेल तर १७० सेंमी. यापेक्षा आखूड घेतली तर कपडा काढताना टोकं आत जातात.

तुमचा दुसरा पायजमा, ज्यात इलॅस्टिक चार टिपांनी कापडाला शिवलेलं आहे, तो नाडीसाठी जणू तयारच आहे. दोन टिपांच्या मध्ये कापड आणि इलॅस्टिक यांच्यात एक फट असते, साधारण सेंटिमीटरभर रुंद. मधल्या फटीतून ८ मिमीची चपटी नाडी जाते. पुढच्या मध्यावर बाहेरच्या कापडाला ३ सेंमी अंतरावर दोन उभी काजं हाताने करा. काज करताना खाली पुठ्ठ्याचा पातळ तुकडा सरकवा, म्हणजे सुई इलॅस्टिकमध्ये शिरत नाही, आणि कापडाच्या आतून फ्यूजिंगची, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची, छोटी चकती चिकटवता आली तर काज फाटत नाही. नाडी ओवली की पाठीमागे मध्यावर ती कापडासकट एका उभ्या टाक्याने पक्की करा. मग धुताना ती निसटून येत नाही. जुन्या इलॅस्टिकमध्ये निम्मा जरी ताण उरला असला तरी बसताना तेवढी मोकळीक मिळते आणि नाडी वजन धरते. हे जुळणं नव्या इलॅस्टिकपेक्षा सुखाचं होतं.

इलॅस्टिक अगदीच गेलं असेल, कंबर लाटेसारखी लोंबत असेल, तर मात्र उसवा. यंत्रावरच्या अशा टिपा बहुधा साखळी टाक्याच्या असतात. आतल्या बाजूचा, साखळीसारखा दिसणारा दोरा एका टोकाला सोडवून ओढला की सगळी ओळ सरसर निघते. अडली तर दुसऱ्या टोकाकडून ओढा, साखळी एकाच दिशेने उसवते. कापड इस्त्री करून सरळ करा. मूळ दुमड ४० मिमीची असेल तर वरून ९ मिमीवर एक टीप, त्याखाली २८ मिमीवर दुसरी, आणि त्या मधल्या जागेत पहिल्या पायजम्यासारखंच २५ मिमीचं मऊ इलॅस्टिक.

इलॅस्टिक आणि नाडी दोन्ही हवं असेल तर तेही होतं, आणि जड स्कर्टमध्ये घसरण थांबली नाहीच तर हेच करा. पाठीमागच्या बाजूला ४८ सेंमीचं घट्ट इलॅस्टिक आणि त्याच्या दोन्ही टोकांना ५५-५५ सेंमीची सुती नाडी शिवा. इलॅस्टिकचा मध्य पाठीच्या मध्यावर उभ्या टिपेने अडकवा, पुढच्या मध्यावर दुसऱ्या पायजम्यासारखीच दोन काजं करून नाड्या त्यांतून बाहेर काढा. कंबरेला बांधल्यावर प्रत्येक बाजूला नाडीचा १६-१७ सेंमीचा भाग नेफ्याच्या आत राहतो आणि बाकीचा बांधायला पुरतो. सीटवरून चढवताना मागचं इलॅस्टिक ताणतं आणि नाडी सैल सोडलेली असते. एका गोष्टीची काळजी घ्या: इथे नाडी आणि इलॅस्टिक यांच्या जोडावर सगळा ओढा येतो, म्हणून तिथे ३ सेंमी एकावर एक ठेवून दोन चौकोन शिवा.

घरात लहान मुलांचे पायजमे असेच दुरुस्त करायला निघालात तर त्यांना नाडी घालू नका, लोंबणारी टोकं झोपाळ्यात किंवा दारात अडकतात. १२ ते २० मिमीचं मऊ इलॅस्टिक त्यांना पुरतं. आणि नवीन घातल्यावर कंबरेवर गरम इस्त्री फिरवू नका, ब्लीचही टाळा. रबराचे धागे या दोन्हींनी लवकर तुटतात. पुढे कधी कंबर सैल वाटली तर सुरुवातीची १० सेंमीची खूण करून बघायची परीक्षा पुन्हा करा. नेफा उसवायची जागा एकच राहावी म्हणून पाठीमागचं ते ५-६ सेंमी सैल, लांब टाक्यांनी शिवून ठेवा.